पीएच.डी.साठी रजेचा अर्ज: पूर्ण पगारी अध्ययन रजा, असाधारण रजा की अर्धवेळ नोंदणी?

अनुदानित महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की तो पहिल्यांदा अर्जाचा नमुना शोधतो. नमुना कुठेही मिळतो. पण त्यात मागायचं काय, हे आधी ठरवावं लागतं. पगार चालू ठेवून अध्ययन रजा, पगार सोडून असाधारण रजा, किंवा रजाच न घेता अर्धवेळ संशोधन, असे तीन रस्ते आहेत. अर्जातला पगाराचा परिच्छेद आणि बंधपत्राचा परिच्छेद प्रत्येक रस्त्यावर वेगळा लिहावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे शिक्षक-पात्रता विनियम (त्यातच रजेचे नियम आहेत) आणि २०२२ चे पीएच.डी. विनियम समोर ठेवून ही तुलना केली आहे.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. चार वेतनवाढी झालेल्या, लेव्हल १० मधल्या सहायक प्राध्यापिका. मूळ वेतन ६४,९०० रुपये. महागाई भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरला तर महिन्याचे ९७,३५० रुपये होतात. घरभाडे भत्ता सगळीकडेच बाजूला ठेवू.

पहिला रस्ता: पूर्ण पगारी अध्ययन रजा

सलग तीन वर्षं सेवा झालेल्या सहायक प्राध्यापकाला ही रजा मागता येते. एका वेळी कमाल तीन वर्षं, पूर्ण सेवेत कमाल पाच वर्षं. विषय आपल्या कामाशी थेट निगडित हवा आणि कामाची पूर्ण योजना अर्जासोबत हवी. नुसतं प्रवेशपत्र जोडून भागत नाही. एकूण प्राध्यापकसंख्येच्या २० टक्क्यांपर्यंत शिक्षकांना पीएच.डी.साठी अध्ययन रजा द्यावी, असं विनियम सांगतात. त्यामुळे सध्या कितीजण या रजेवर आहेत ते अर्ज करण्याआधी कार्यालयात विचारून घ्या; ती संख्या अर्जात लिहिली तर ‘आत्ता जागा नाही’ हे तोंडी उत्तर देणं अवघड होतं.

तीन वर्षांत हातात येतात ९७,३५० गुणिले ३६, म्हणजे ३५,०४,६०० रुपये. महागाई भत्ता वाढेल तशी ही रक्कम वाढेल, पण मूळ वेतन तिथेच राहतं. मधल्या वेतनवाढी परत रुजू झाल्यावर वेतननिश्चितीत धरल्या जातात, मात्र त्यांची थकबाकी मिळत नाही.

त्या बदल्यात परतल्यावर किमान तीन वर्षं सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. हमी म्हणून स्थावर मालमत्ता, विमा कंपनीचं हमीपत्र, बँक हमी किंवा दोन कायम शिक्षकांची जामीनकी चालते. बहुतेकजण जामीनदारांचाच मार्ग धरतात. ३५ लाखांची जामीनकी म्हणजे सहकाऱ्याच्या गळ्यात काय पडतंय, हे त्याला आकडा सांगून विचारावं. रजा तीन वर्षं आणि त्यानंतरची सेवा तीन वर्षं, म्हणजे जामीनदार पुढची सहा वर्षं सेवेत असेल असा निवडा.

रक्कम परत करण्याची वेळ कधी येते, याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. नोकरी सोडली तर पैसे भरायचे, एवढंच लक्षात राहतं. विनियमातलं पहिलं कारण मात्र वेगळं आहे: मंजूर रजेच्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण न होणं. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षं आणि कमाल सहा आहे. प्रबंध सादर केल्यावर परीक्षकांचे अहवाल आणि मौखिकी यांची प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, अशी विनियमाची अपेक्षा आहे. म्हणजे छत्तिसाव्या महिन्याला प्रबंध सादर झाला तरी पदवी रजेच्या मुदतीबाहेरच जाते. म्हणून अर्जात आणि बंधपत्रात ‘अभ्यासक्रम पूर्ण होणे’ म्हणजे काय, हे लिहून घेणं सगळ्यात महत्त्वाचं:

> “रजेच्या मुदतीत शोधप्रबंध विद्यापीठास सादर केल्यास अभ्यासक्रम पूर्ण झाला असे समजण्यात यावे, व तसा उल्लेख बंधपत्रात करण्यात यावा, ही विनंती. मुदतीत प्रबंध सादर न झाल्यास मी रजा संपताच रुजू होऊन उर्वरित काम, विद्यापीठाच्या परवानगीने, सेवेत राहून पूर्ण करीन. अशा वेळी वसुली न करण्याबाबत सक्षम प्राधिकरणाने आताच निर्णय द्यावा.”

शेवटचं, वसुली न करण्याचं वाक्य मान्य होईलच असं नाही. पण नकार आला तरी तो सही करण्याआधी कळतो.

मुदतवाढीबद्दलही सावध राहा. मुदतवाढीचा अर्ज दिला, तो मंजूर झाला नाही आणि तरीही शिक्षक रुजू झाला नाही, तर तो ‘परतलाच नाही’ असं धरतात. अर्ज प्रलंबित आहे म्हणून घरी थांबणं महागात पडतं.

बंधपत्राचा अर्धाअधिक काळ सेवा केल्यावर नोकरी सोडली तर निम्मीच वसुली, अशी सवलत काही विद्यापीठांच्या नियमांत असते. आपल्या मसुद्यात ती नसेल तर अर्जातच मागा. बंधपत्रावर सही झाल्यावर ती कुणी घालून देत नाही.

पगाराच्या परिच्छेदात ‘पूर्ण वेतनी रजा मिळावी’ एवढं लिहून थांबू नये. शिष्यवृत्ती मिळणार असेल तर रक्कम सांगा, नसेल तर नाही असं स्पष्ट लिहा. शिष्यवृत्तीचा पगाराशी संबंध लावू नये असं एक पोटकलम म्हणतं, पण त्याचा रोख परदेशातल्या संशोधनाकडे आहे. पुढचंच पोटकलम तेवढ्या रकमेनं पगार कमी करण्याची मुभा संस्थेला देतं. त्यामुळे देशातल्या पीएच.डी.साठी असं लिहावं:

> “रजा काळात मला कोणतीही शिष्यवृत्ती अथवा मानधन मिळणार नाही. पुढे मिळाल्यास १५ दिवसांत लेखी कळवीन. रजा काळात मूळ वेतन व अनुज्ञेय भत्ते द्यावेत आणि मंजुरी आदेशात वेतनाचा दर नमूद करावा.”

अनुदानित महाविद्यालयात पगार सरकारी तिजोरीतून येतो. नुसत्या संस्थेच्या ठरावावर गेलेल्यांचं वेतन पुढच्या देयकात अडकतं. म्हणून सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्याकडे प्रस्ताव पाठवून मान्यता मिळाल्यावरच कार्यमुक्त करावं, ही विनंतीही अर्जात हवी. रजेवर गेल्यावर दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकाचा प्रगती अहवाल एका महिन्याच्या आत पोचवावा लागतो, नाहीतर रजावेतन थांबवता येतं. आणि मंजूर रजा बारा महिन्यांत सुरू केली नाही तर ती रद्द समजतात.

दुसरा रस्ता: असाधारण रजा

ही रजा बिनपगारी, त्यामुळे परत करण्यासारखं रजावेतनच नाही. संस्था रुजू होण्याचं हमीपत्र मागू शकते, पण ३५ लाखांचं ओझं कुणाच्या डोक्यावर नसतं. ज्यांच्याकडे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती आहे त्यांचा कल सहसा इकडे असतो, कारण अशा शिष्यवृत्तीसोबत दुसरीकडचा पगार घेता येत नाही. शिष्यवृत्तीचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. तीन वर्षांचे होतात १३,९२,०००. पहिल्या रस्त्याशी तुलना केली तर फरक २१,१२,६०० रुपयांचा. बंधपत्रातून मोकळं राहण्याची ही किंमत आहे. पीएच.डी.नंतर दुसऱ्या विद्यापीठात किंवा परदेशात जायचा विचार पक्का असेल तर ती देण्यासारखी आहे. नसेल तर फुकट जाते.

इथे अर्जातला एक शब्द वेतनवाढ वाचवतो किंवा घालवतो. असाधारण रजा एरवी वेतनवाढीसाठी धरत नाहीत. त्याला जे अपवाद आहेत त्यांत उच्च शिक्षणासाठी घेतलेली रजा आहे. अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ किंवा ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ असं लिहिलं, आणि आदेशात तेच उतरलं, की सेवापुस्तकात तशी नोंद होते आणि तीन वेतनवाढी जातात. म्हणून विषयाच्या ओळीतच लिहा: “पीएच.डी. उच्च शिक्षणासाठी असाधारण रजा मिळणे व ती वेतनवाढीसाठी ग्राह्य धरणेबाबत.” मंजुरी आदेश हातात आला की तो शब्द त्यात आहे का, हे आधी पाहा.

पगारातून जाणारे गृहकर्जाचे आणि पतसंस्थेचे हप्ते, विम्याची वर्गणी आणि निवृत्तिवेतन योजनेतलं अंशदान हे सगळं या काळात बंद पडतं. हप्त्यांची सोय स्वतः करावी लागते.

तिसरा रस्ता: रजा न घेता अर्धवेळ

इथे बंधपत्र नाही आणि पगाराला धक्का नाही. अर्जही रजेचा नसतो, ना हरकत प्रमाणपत्राचा असतो. त्या प्रमाणपत्रात तीन गोष्टी असाव्या लागतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो याची ग्वाही, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम-कार्यासाठी कार्यमुक्त करण्याची तयारी. तिसरी गोष्ट प्राचार्यांच्या पत्रातून हमखास गळते आणि प्रवेशाच्या वेळी विद्यापीठ ते पत्र परत पाठवतं. मजकूर आपणच टाइप करून नेलेला बरा.

एक फायदा फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कोणतीही रजा न घेता, शिकवत शिकवत पीएच.डी. केली तर तो काळ पदोन्नतीसाठी अध्यापनाचा अनुभव म्हणून मोजला जातो. पदोन्नती दोन-तीन वर्षांवर आली असेल तर नुसत्या पगाराच्या हिशेबापेक्षा हे जड ठरू शकतं. तोटा उघड आहे: परीक्षा, प्रवेश समिती आणि नॅकची कामं सांभाळून सहा वर्षंही अपुरी पडतात.

मग कुठला?

प्रयोगशाळेत तीन वर्षं पूर्णवेळ बसावंच लागणार असेल, घर पगारावर चालत असेल आणि याच संस्थेत राहायचं असेल, तर पहिला रस्ता घ्या. पण ‘प्रबंध सादर करणे म्हणजे पूर्णता’ हे वाक्य बंधपत्रात आल्याशिवाय सही करू नका. भाषा, इतिहास, वाणिज्य अशा विषयांत आमचा कल वेगळा आहे: अर्धवेळ नोंदणी करावी आणि क्षेत्रकार्यासाठी किंवा लेखनासाठी एकच वर्ष पगारी अध्ययन रजा मागावी. बारा महिन्यांचं रजावेतन ११,६८,२०० रुपये, म्हणजे वसुलीचा धोका तिसऱ्या हिश्शावर येतो. बंधपत्राची सेवा मात्र तेवढी कमी होत नाही; एक वर्ष रजा घेतली तरी किमान तीन वर्षं राहावंच लागतं. शिवाय रजेतलं ते वर्ष ‘रजेविना’ या सवलतीत बसत नाही. अशा अर्जात रजेचा हेतू ‘पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी’ असा लिहू नका. ‘संशोधन आराखड्यातील क्षेत्रकार्य व दोन प्रकरणांचे लेखन’ असं, बारा महिन्यांत खरोखर संपेल एवढंच काम लिहा, कारण उद्या पूर्ण झालं की नाही ते याच ओळीवरून मोजलं जाईल.