जामीनदाराला थकीत हप्त्यांचे पत्र: तीन मसुद्यांपैकी कोणता पाठवावा?

मालवण किनाऱ्यावरील एका पतसंस्थेच्या शाखेत नुकताच हा प्रश्न पुढे आला. होडीचे इंजिन आणि जाळी यांसाठी एका मच्छीमाराने 3 लाख रुपयांचे कर्ज 12 टक्के व्याजाने घेतले होते, परतफेड 36 मासिक हप्त्यांत करायची होती आणि प्रत्येक हप्ता 9,964 रुपयांचा होता. पहिले दहा हप्ते वेळेवर आले. 10 जून, 10 जुलै आणि 10 ऑगस्ट या तारखांचे हप्ते राहिले, आणि 18 ऑगस्टला फक्त 4,000 रुपये जमा झाले. जामीनदार म्हणजे गावातले निवृत्त गुरुजी. त्यांना पाठवण्याचे पत्र तीन प्रकारे लिहिले गेले.

पहिला मसुदा संस्थेच्या जुन्या नमुन्यावरून उतरवलेला: «आपण ज्यांना जामीन राहिलात त्यांनी संस्थेचे पैसे बुडवले असून 2 लाख 27 हजार रुपये सात दिवसांत भरावेत, अन्यथा आपल्या पेन्शनवर जप्ती आणण्यात येईल.» यात तीन दोष आहेत आणि त्यांपैकी भाषेचा कठोरपणा हा सर्वांत लहान. 2 लाख 27 हजार ही शिल्लक मुद्दलाची रक्कम आहे, थकबाकी नव्हे; कर्ज रीतसर परत मागितलेले नसताना ती जामीनदाराकडे मागणे म्हणजे चुकीचा आकडा कळवणे होय. सरकारी निवृत्तिवेतनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार जप्तीपासून संरक्षण आहे, म्हणजे जी गोष्ट करता येणार नाही तिचीच धमकी येथे दिली आहे. आणि तीन हप्ते चुकणे म्हणजे बुडवणे नव्हे. दहा हप्ते भरलेल्या माणसाविषयी तसे लिहिले, तर गुरुजी पत्र घेऊन संस्थेत येण्याऐवजी कर्जदाराच्या दारात जातील.

दुसरा मसुदा दुसऱ्या टोकाचा आहे: «पावसाळी मासेमारी बंदीमुळे त्यांना अडचण आहे, तरी त्यांना दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे, आपण काळजी करू नये.» जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हात तंग असतो हे किनाऱ्यावर कोणालाही सांगावे लागत नाही, म्हणून हा मसुदा वाचणाऱ्याला भला वाटतो. मला मात्र तो पहिल्यापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 135 नुसार, धनकोने जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराला मुदत देण्याचा करार केला, तर जामीनदार जबाबदारीतून मुक्त होऊ शकतो. नुसते थांबणे, म्हणजे तगादा न लावणे, हे कलम 137 मुळे वेगळे ठरते. जामीनपत्रात आगाऊ संमतीचे कलम असेल तर गोष्ट निराळी. पण ते तपासल्याशिवाय «मुदत दिली आहे» हे शब्द संस्थेनेच संस्थेविरुद्ध लिहून दिल्यासारखे होतात. शिवाय «काळजी करू नये» हे खरेही नाही, कारण कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

तिसरा मसुदा असा आहे:

«सन्माननीय गुरुजी, स. न. वि. वि. आपण जामीनदार असलेल्या कर्जखात्यातील 10 जून, 10 जुलै व 10 ऑगस्ट या तारखांचे हप्ते पूर्ण जमा झालेले नाहीत. 18 ऑगस्ट रोजी 4,000 रुपये मिळाले असून ते जूनच्या हप्त्यात वळते केले आहेत. 20 ऑगस्टअखेर हप्त्यांची थकबाकी 25,892 रुपये आहे. दंडव्याज यात धरलेले नाही. जामीनपत्रानुसार या रकमेची जबाबदारी आपल्यावरही येऊ शकते, म्हणून ही माहिती कळवीत आहोत. खाते उतारा सोबत जोडला आहे. हिशेबात फरक आढळल्यास किंवा बोलायचे असल्यास 5 सप्टेंबरपर्यंत शाखेत यावे.»

आकडा उताऱ्याशी जुळतो का हे गुरुजी स्वतः पाहू शकतात: जूनचे उरलेले 5,964 आणि दोन पूर्ण हप्ते. मच्छीमाराची अडचण पत्रात नाही, कारण तो अंदाज आहे आणि तो सांगण्याचा हक्क कर्जदाराचा. «येऊ शकते» हे क्रियापद मुद्दाम निवडले आहे. «आपण भरा» असे म्हटले की पत्र मागणीची नोटीस बनते, आणि तिची वेळ व नमुना संस्थेच्या उपविधींनुसार आणि वकिलाला विचारून ठरवावा.

तेव्हा थकबाकी नुकतीच सुरू झाली असेल आणि कर्जदार थोडे का होईना भरत असेल, तर तिसरा मसुदा बंद पाकिटात, पोचपावतीसह पाठवावा. पोस्टकार्डावर नव्हे, कारण गावात ते टपालवाल्याच्या आधी चहाच्या टपरीवर वाचले जाते. कर्जदार गावातून निघून गेला असेल किंवा होडी विकायला काढली असेल, तर हे पत्र पुरेसे नाही, तेथे थेट मागणीची नोटीस हवी. मुदत खरोखर वाढवायची असेल, तर आधी गुरुजींची लेखी संमती घ्यावी आणि मगच पत्रात तारीख घालावी.