नऊ महिन्यांच्या वापरानंतर: शेतकरी गटासाठी घेतलेले पंखा-चाळणीचे धान्य स्वच्छता यंत्र

लातूर जिल्ह्यातील आमच्या शेतकरी गटाने मागील सोयाबीन हंगामाच्या तोंडावर पंखा आणि दोन चाळण्या असलेले धान्य स्वच्छ करण्याचे यंत्र घेतले. सोयाबीन, तूर आणि हरभरा हे तिन्ही माल त्यातून काढून झाल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. यंत्र उपयोगाचे आहे आणि पुन्हा घ्यायचे झाले तरी आम्ही ते घेऊ. मात्र ते जोडून देणाऱ्या कारागिराने पंखा पूर्ण उघडा आणि चाळण्या भरपूर उतरत्या ठेवून दिल्या होत्या, आणि त्या स्थितीत यंत्र दिसायला उत्तम चालत असले तरी आमचे चांगले धान्य कचऱ्यात जात होते. हे आमच्या लक्षात यायला तीन दिवस लागले.

यंत्राची रचना साधी आहे. हॉपरमधून पडणारे धान्य प्रथम वरच्या, मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर येते. तेथे काड्या, शेंगा आणि मोठी ढेकळे वर राहून पुढे सरकतात, तर दाणा खाली उतरतो. खालच्या चाळणीतून माती, बारीक तणबी आणि फुटलेला दाणा गळतो, आणि शेवटी धान्य पंख्याच्या झोतासमोरून पडताना भूस उडून मागच्या तोंडातून बाहेर जाते. वावडीवर उभे राहून उफणणाऱ्याला वारा जसा येईल तसा घ्यावा लागतो. येथे वारा आपल्या हातात असतो, पण तो किती हवा हे ठरवण्याचे कामही आपल्याच हाती येते.

पहिल्या तीन दिवसांत स्वच्छ मालाच्या तोंडाशी पडणारे सोयाबीन इतके देखणे होते की मागे कोणी पाहिले नाही. चौथ्या दिवशी गटातील एका काकूंनी भुशाचा ढीग सुपात घेऊन पाखडला आणि तळाशी टपोरे दाणे दाखवले. मग आम्ही मागच्या तोंडाखाली घमेले धरून बरोबर एक मिनिट पडणारा माल तोलला. तो ४२० ग्रॅम भरला आणि त्यातले २६० ग्रॅम चांगले सोयाबीन होते. म्हणजे तासाला साडेपंधरा किलोंहून अधिक, आणि सहा तासांच्या दिवसाला सुमारे ९४ किलो. स्वाभाविकच आम्ही पंख्याची झडप अर्ध्याहून अधिक बंद केली. दाणे उडणे थांबले, परंतु स्वच्छ मालातून घेतलेल्या ५०० ग्रॅमच्या नमुन्यात १२ ग्रॅम कचरा निघाला, म्हणजे २.४ टक्के. हमीभाव खरेदीत सोयाबीनमध्ये बाह्य पदार्थ २ टक्क्यांपर्यंत आणि ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो. त्यामुळे असा माल केंद्रावरून परत आला असता.

दोन दिवस आम्ही झडप उघडण्यात आणि मिटण्यात घालवले. दोष वाऱ्यात नव्हता. हॉपरची फळी पूर्ण उघडी असल्याने ५० किलोची गोणी तीन मिनिटांत रिकामी होत होती. धान्याचा पडदा इतका जाड पडे की झोत त्याच्या आत शिरतच नसे. समोरचे दाणे उडत आणि आतले भूस दाण्यांच्या आडोशाने खाली येई. फळी थोडी मिटवून तीच गोणी चार मिनिटांत रिकामी होईल असे केले, तेव्हा वेग तासाला साडेसात क्विंटलवर आला. माहितीपत्रकात तासाला एक टन असे लिहिलेले आहे. मळणीयंत्रातून आलेले काडीयुक्त सोयाबीन त्या वेगाने स्वच्छ करणे आम्हाला एकदाही साधले नाही, आणि तो आकडा गाठण्याचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर चाळणीचा उतार. यंत्रावर अंशांची खूण नाही, ही मोठी उणीव आहे. आम्ही एक मीटर लांबीची सरळ पट्टी पाणसळीने आडवी धरून तिच्या दुसऱ्या टोकापाशी चाळणी किती खाली जाते ते मोजले. वरची चाळणी मीटरला १४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८ अंश, उतरती होती. सोयाबीनचा दाणा गोल आणि गुळगुळीत असल्याने तो छिद्रात पडण्याऐवजी उड्या मारत काड्यांबरोबर बाहेर जात होता. त्या तोंडाशी मिनिटाला १८० ग्रॅम दाणा मिळाला. उतार १० सेंटिमीटरवर, म्हणजे पावणेसहा अंशांच्या आसपास, आणल्यावर तो २५ ग्रॅमवर आला. आणखी कमी करून पाहिला तेव्हा चाळणीवर थर साचू लागला, आणि संथ सरकणाऱ्या बारीक काड्या उभ्या होऊन छिद्रांतून खाली उतरू लागल्या. खालच्या चाळणीचेही तसेच आहे: उतार जास्त असेल तर फुटक्या दाण्याला गळायला वेळ मिळत नाही, आणि फार कमी असेल तर थराखाली छिद्रे बुजतात. हरभऱ्याचा दाणा चोचदार असल्याने कमी घरंगळतो. त्याच्यासाठी आम्हाला दोन्ही उतार थोडे वाढवावे लागले, आणि छिद्रांत अडकणारे दाणे काढण्यासाठी दर अर्ध्या तासाने ब्रश फिरवावा लागला.

उतार मोजण्याआधी यंत्र आडव्या दिशेने सपाट आहे ना, हे पाहावे. आमचे यंत्र खळ्यावर एका बाजूला किंचित कलले होते. त्यामुळे चाळणीचा डावा भाग उघडा आणि उजवा भरलेला दिसे. पायाखाली फळी सारल्यावर थर एकसारखा झाला.

वारा आता आम्ही सर्वांत शेवटी लावतो. झडप हळूहळू उघडत मागच्या तोंडाकडे पाहायचे. नुसते भूसच जात असेल तर झोत कमी आहे; सुरकुतलेले, पोचट दाणे तुरळक दिसू लागले की थांबायचे; टपोरा दाणा दिसला की थोडे मागे यायचे. सोयाबीनसाठी ही जागा सुमारे तीन चतुर्थांश उघडी अशी सापडली. तेथे मागून मिनिटाला ३० ग्रॅम, तेही बहुतांश पोचट, दाणे जात होते आणि ५०० ग्रॅमच्या नमुन्यात ३ ग्रॅम कचरा होता. झडपेवर प्रत्येक पिकाची खूण रंगाने केली आहे. तरीही सकाळी दवाने ओलसर असलेले भूस जड असते, म्हणून ऊन चढल्यावर झडप पुन्हा तपासावी लागते.

जानेवारीत तूर काढताना दुपारनंतर मालात अचानक कचरा येऊ लागला. झडप आणि उतार जागेवरच होते. पंख्याचा पट्टा ढिला होऊन घसरत होता. पंख्याचे फेरे दहा टक्के कमी झाले तर वाराही तेवढाच कमी होतो, आणि त्याचा दाब तर सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. तेव्हापासून दर दोन तासांनी पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो. यंत्राचे मागचे तोंडही वारा ज्या दिशेला वाहत जातो त्या दिशेला ठेवतो, कारण समोरून येणारा वारा भूस परत आत ढकलतो.

बियाण्याचे सोयाबीन ४ मिलिमीटर लांबट छिद्रांच्या चाळणीवरून वेगळे काढले. त्याची साल नाजूक असल्याने स्वच्छ माल उंचावरून पडू न देता तोंडाखाली उतरती ताडपत्री लावली.

एक गोष्ट या यंत्राकडून होत नाही. दाण्याएवढे काळ्या मातीचे ढेकूळ चाळणीला दाणाच वाटते, आणि जड असल्यामुळे ते वाऱ्यानेही हलत नाही. कापणीच्या वेळी झाड उपटून घेतलेल्या दोन शेतांतल्या मालात अशी ढेकळे इतकी होती की महिलांना ती हाताने वेचावी लागली. येत्या हंगामात गटाने अशा मालाला क्विंटलमागे वेगळी मजुरी लावायचे ठरवले आहे, आणि विळ्याने जमिनीपासून वर कापलेला मालच आधी यंत्रावर घेतला जाईल.