भाड्याची भांडी आणि खुर्च्या: तीन प्रतींचं पुस्तक अधिक गुगल शीट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लग्नांना ताटं, वाट्या, पेले, खुर्च्या भाड्यानं देताना आम्ही तुळशीच्या लग्नानंतर ही पद्धत सुरू केली. सामान बाहेर पडताना कार्बन लावलेल्या पुस्तकात तीन प्रती होतात: एक गिऱ्हाइकाला, एक गाडीबरोबर, एक गोदामात. रात्री तोच आकडा गुगल शीटमध्ये चढतो. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत रेंज जाते, म्हणून कागद आधी आणि शीट नंतर, हा क्रम आम्ही मोडत नाही.

पुस्तकाचा खरा उपयोग मंगल कार्यालयातच होतो. गाडी भरण्याआधी तिथं एक मोजणी होते आणि यजमानांच्या माणसाची सही घेतली जाते. तिथंच फुटलेलं त्यांच्या नावावर, गाडीत किंवा उतरवताना फुटलेलं आमच्या नावावर. ही रेघ पूर्वी नव्हती, त्यामुळे प्रत्येक पेल्यावरून वाद व्हायचा. मात्र खरकट्या भांड्यांची मोजणी कच्चीच असते. म्हणून पावतीवरच छापून घेतलंय: धुतल्यानंतरची मोजणी अंतिम, अनामत दोन दिवसांनी.

मोजणीतली एक चूक मात्र आपल्या भागातलीच. भांडी धुणाऱ्या बायका कन्नडमधून आकडा सांगतात, लिहिणारा मराठीतून लिहितो. ताटाला तट्टे, खुर्चीला कुर्ची, नावांची अडचण येत नाही. अडतं ते आकड्यांवर. नळाच्या आवाजात ‘एंबत्तु’ म्हणजे 80 आणि ‘तोंबत्तु’ म्हणजे 90 सारखेच ऐकू येतात. आता आकडा ओरडायचा नाही. 25 ताटांची गड्डी लावायची, प्रत्येक गड्डीमागे एक रेघ ओढायची आणि शेवटची सुटी ताटं वेगळी लिहायची. चमचे तर मोजायचेच नाहीत, वाळल्यावर वजन करायचं. आमचा चमचा 18 ग्रॅमचा. ओले चमचे वजनाला जास्त भरतात आणि कमी पडलेले लपून जातात.

शीटमध्ये आम्ही सुरुवातीला जे सूत्र घातलं होतं, त्यानं नुकसान झालं. B म्हणजे गेले, C परत धड, D खराब, F खराबीचा दर, G हरवल्याचा दर. कमी किती ते B वजा C वजा D असं काढत होतो. एका लग्नाला 900 वाट्या गेल्या आणि 903 परत आल्या. शीटनं ‘कमी’च्या घरात उणे 3 दाखवलं आणि 35 रुपये दरानं बिलातून 105 रुपये वजा केले. आता हे आहे:

```
E2: =MAX(0,B2-C2-D2)
H2: =D2*F2+E2*G2
```

पण सूत्र सुधारून अर्धंच काम झालं. त्या 903 वाट्या उलट्या करून बुडाकडचं कोरलेलं नाव पाहिलं तेव्हा 12 वाट्या परक्या निघाल्या. त्याच कार्यालयात आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाची भांडी होती. म्हणजे आपल्या फक्त 891, कमी 9. C च्या घरात आता फक्त नाव असलेली भांडी धरतो आणि परकी वेगळ्या रकान्यात लिहितो. त्या दिवशीचा पुरा हिशेब असा झाला: 9 वाट्यांचे 315. ताटं 450 गेली, 446 धड आली, 2 चेपलेली (30 रुपयांनी 60) आणि 2 गहाळ (180 रुपयांनी 360). चमचे 500 गेले, वजन 8.676 किलो, म्हणजे 482. कमी 18, त्यांचे 12 रुपयांनी 216. एका खुर्चीचा पाय तडकलेला, 250. एकूण 1201, पाच हजारांच्या अनामतीतून 3799 परत. जुन्या सूत्रानं हेच बिल 781 झालं असतं. परक्या वाट्या कार्यालयात पोचवल्या की आपल्या तिथं अडकलेल्या सापडण्याची आशा असते. 30 दिवसांत सापडल्या तर गिऱ्हाइकाचे पैसे परत करायचे, हेही पावतीवर आहे. माझ्या मते हे लिहून देणं अगदी योग्य आहे. त्याशिवाय माणूस नऊ वाट्यांचे पैसे मनापासून देत नाही.

खुर्च्यांच्या बाबतीत ही पद्धत अजून कमी पडते. दहा-दहाच्या थप्प्या मोजून आकडा बरोबर येतो, पण तडकलेली खुर्ची थप्पीच्या मधे सरकवलेली असते आणि वरून दिसत नाही. ती पुढच्या लग्नात कुणीतरी बसल्यावर कळते, तोवर मागच्या गिऱ्हाइकाची अनामत परत गेलेली असते. त्यामुळे कार्यालयातच प्रत्येक खुर्ची सुटी करून मागचे दोन्ही पाय हातानं दाबून पाहायचे. 200 खुर्च्यांना दोन माणसांचा अर्धा तास जातो. खराब खुर्चीला लाल चिंधी बांधून ती थप्पीच्या वर ठेवायची आणि सही तेव्हाच घ्यायची.