फ्लेक्सवरचा 'पॅटर्न' हा शब्द मी वाचला नाही

गड्ड्याची यात्रा उठली की सोलापुरात शाळाप्रवेशाचे फ्लेक्स लागायला सुरुवात होते. तीन वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावरच्या अशाच एका फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'सीबीएसई' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'पॅटर्न' असं लिहिलं होतं. मी फक्त मोठं अक्षर वाचलं. मुलीला तिसरीत त्या शाळेत घातलं आणि पाचवीत बाहेर काढलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून शिक्षण खात्याकडे आहे. पण आता पुन्हा प्रवेश सुरू होतील, म्हणून काय झालं ते सगळं लिहिते.

शाळा बघायला गेलो तेव्हा एसी रिसेप्शन, संगणक कक्ष, वर्गावर्गात कॅमेरे असं सगळं दाखवलं. मी मॅडमना सरळ विचारलं, "शाळा सीबीएसईची आहे ना?" त्या म्हणाल्या, "अहो ताई, सगळी एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत आपल्याकडे. अ‍ॅफिलिएशन प्रोसेसमध्ये आहे." 'प्रोसेसमध्ये' याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मला तेव्हा कळलं नाही. प्रवेशाच्या वेळी फीची छापील पावती मिळाली आणि 'विकास निधी' म्हणून घेतलेल्या अठरा हजारांची वहीच्या कागदावर चिठ्ठी मिळाली. त्यावर ना शिक्का, ना क्रमांक.

पहिलं वर्ष गोड गेलं. चौथीत गणिताच्या तीन शिक्षिका बदलल्या. एकदा मुलीची वही चाळताना तीन चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश याचं उत्तर चार अष्टमांश लिहिलेलं दिसलं. तिने वरचे आकडे मिळवले होते आणि खालचेही मिळवले होते. त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण आणि शेजारी 'गुड'. मी मागची पानं उलटली, तर तीच चूक सात गणितांत होती आणि सातही बरोबर. म्हणजे वह्या तपासल्या जात नव्हत्या, नुसत्या रंगवल्या जात होत्या. शाळा बघायला जाल तेव्हा संगणक कक्षाआधी एखाद्या मुलाची गेल्या महिन्याची वही मागून बघा. त्यात जेवढं कळतं तेवढं इमारत बघून कळत नाही.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त शाळेलाच मेसेज टाकता येत होता. वर्गातले कॅमेरे तर कित्येक महिने बंदच होते, हे मुलीनेच सांगितलं, कारण वायर लोंबत होती. व्हॅनमध्ये मुलं कोंबून नेतात आणि सोबत मदतनीस बाई नसते, ही तक्रार मी तोंडी केली. "वरती कळवते" एवढंच उत्तर आलं. मी लेखी द्यायला हवं होतं. तोंडी तक्रार केल्याचा कुठलाही पुरावा राहत नाही, हे पुढे मला फार महागात पडलं.

खरी गोष्ट पाचवीत बाहेर आली. मुलीला नवोदयच्या परीक्षेला बसवायचं होतं. त्या फॉर्मसोबत मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि शाळेचा यूडायस कोड भरावा लागतो. हा कोड अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळेचा 27 ने सुरू होतो. चार चकरा मारल्यावर प्रमाणपत्र हातात आलं. त्यावरचा जांभळा गोल शिक्का आमच्या शाळेचा नव्हताच. दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावातल्या शाळेचा होता. यांनी तो कोड ऑनलाइन टाकून पाहिला, तर तिथेही त्याच गावच्या शाळेचं नाव आलं. माझी मुलगी त्या गावात कधी गेलेली नाही.

म्हणजे आम्ही फी भरत होतो त्या इमारतीला स्वतःची मान्यताच नव्हती. संस्थेची गावाकडची मान्यताप्राप्त शाळा होती, तिच्या पटावर आमच्या मुलांची नावं दाखवली जात होती. ती शाळाही स्टेट बोर्डाची. नवोदयमध्ये बहुतेक जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी राखीव असतात. त्या कोडवर फॉर्म भरला असता, तर जुळे सोलापुरात राहणारी माझी मुलगी कागदावर ग्रामीण ठरली असती, आणि निवड होऊनही कागदपत्रं तपासताना अडकली असती. आम्ही फॉर्म भरला नाही. मुलगी दोन दिवस जेवली नाही नीट.

मान्यता आणि संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्यासारखे पालक इथेच फसतात. मान्यता राज्याचं शिक्षण खातं देतं. तिच्याशिवाय शाळा चालवणं हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 प्रमाणे गुन्हा आहे आणि एक लाखापर्यंत दंड आहे. संलग्नता बोर्ड देतं. राज्याची मान्यता असलेली नवी शाळा एनसीईआरटीची पुस्तकं शिकवत असेल तर त्यात फसवणूक नाही. फक्त संलग्नता मिळेपर्यंत तिने स्वतःला सीबीएसई शाळा म्हणवू नये. खरी संलग्न शाळा saras.cbse.gov.in वर नावाने किंवा संलग्नता क्रमांकाने सापडते. तिथे नाव आणि पत्ता दोन्ही जुळवा, कारण एकाच संस्थेच्या दुसऱ्या शाखेचा क्रमांक दाखवणारेही असतात. संलग्नता कितव्या इयत्तेपर्यंत आणि कुठल्या तारखेपर्यंत आहे तेही बघा. आठवीपर्यंतचीच असेल तर नववीत मुलांची बोर्डाकडे नोंदणी दुसऱ्या शाळेच्या नावाने करण्याची वेळ येते.

आम्ही दाखला मागितला तर उरलेल्या वर्षाचे बावीस हजार भरा म्हणाले. अर्ज दिला, तर क्लार्कने पोहोच द्यायला नकार दिला. मग तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवला आणि एक प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात आवक शिक्का मारून दिली. त्या शिक्क्यावरचा क्रमांक आणि तारीख हाच आमचा पहिला खरा पुरावा. तिथल्या एका कर्मचाऱ्यांनी शांतपणे समजावलं, "ताई, दाखल्यासाठी थांबू नका. कलम 5 बघा. आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही." खरंच तसं झालं. घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेने जन्मदाखल्यावर प्रवेश दिला आणि नाव वर्ग करण्याची ऑनलाइन मागणी त्या गावच्या शाळेकडे त्यांनीच पाठवली. दाखला दीड महिन्याने आला. त्यावरही गावाचंच नाव आहे.

तक्रारीच्या अर्जात आम्ही रागाचं एक वाक्य लिहिलं नाही. फ्लेक्सचा फोटो, छापील पावत्या, प्रमाणपत्राची प्रत आणि यूडायसच्या पानाचा प्रिंट एवढंच जोडलं. चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांनी नेमकी हीच कागदं मागितली. आणखी सहा पालकांनी आपापले अर्ज वेगळे दिले, त्यामुळे आमचा एकट्याचा वाद आहे असं शाळेला म्हणता आलं नाही. छापील पावतीवरच्या चालू वर्षाच्या फीपैकी निम्मी परत मिळाली.

अठरा हजारांची ती चिठ्ठी घेऊन मी दोनदा गेले. "ही आमची पावती नाही" असं तिथल्या मॅडम म्हणाल्या, आणि प्रवेशाच्या दिवशी याच टेबलावर तुम्हीच ती लिहून दिली, असं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि पुढच्या पालकांना आत बोलावलं. त्यांच्या हातात प्रवेशाचा फॉर्म होता. मी बाहेर थांबले. ते बाहेर आल्यावर आपण होऊन त्यांच्याशी बोलले, आणि मान्यतेचं 'नमुना 2' प्रमाणपत्र मागा, त्यावर याच इमारतीचा पत्ता आहे का बघा, असं सांगितलं. ते जोडपं तसंच परत आत गेलं.