८० टक्क्यांचं स्टिकर मी काचेवरून काढलं: एलएफपी बॅटरीच्या गाडीसोबत दोन उन्हाळे

गाडी उत्तम आहे. चालवायला, खर्चाला, एसीला, सगळ्याला. तक्रार आहे ती फक्त शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या दिवशी काचेला आतून चिकटवलेल्या एका स्टिकरबद्दल: ‘बॅटरीच्या आयुष्यासाठी रोज ८० टक्केच चार्ज करा.’ बाकी रेंज, बूट, टचस्क्रीन वगैरे इतरांनी भरपूर लिहिलंय, ते मी लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण हे एकाच कंपनीच्या गाडीत घडतं असं नाही.

माझी गाडी ४० युनिटच्या बॅटरीची, आणि बॅटरी एलएफपी जातीची, म्हणजे लोह-फॉस्फेटवाली. रोजचा फेरा जळगाव–भुसावळ–जळगाव. चार्जिंग घरीच, १५ अँपियरच्या सॉकेटवर, आणि त्या सॉकेटला मी वेगळा सबमीटर लावून घेतलाय. घरच्या बिलात गाडीचा वाटा किती हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. पुढच्या सगळ्या भांडणात हाच मीटर कामाला आला.

पहिल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, धुळ्याहून परत येत होतो. बाहेर ४४ अंश, एसी चालू, पडद्यावर २४ टक्के. एरंडोल मागे पडलेलं, जळगाव हाकेवर, त्यामुळे काळजी शून्य. पाळधीजवळ आकडा एकदम ११ वर आला, पाच मिनिटांत ६, आणि गाडीने स्वतःहून वेग कमी केला. कडेला घेतली तर टपरीवरचे एक बाबा उठून आले: “काय व्हयनं भाऊ? नवी गाडी बंद पडनी का?” बंद पडली नव्हती, पण घरापर्यंतचे उरलेले किलोमीटर एसी बंद करून, काचा खाली करून आलो.

सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, तपासणीचे पैसे लावले आणि छापील कागद हातात दिला. सगळ्या सेलमधला फरक फक्त ६ मिलिव्होल्ट, बॅटरी ठणठणीत, ८० टक्क्यांची सवय चालू ठेवा. कागदावर सगळं खरं होतं. फक्त तपासणी केली तेव्हा गाडी ५५ टक्क्यांवर होती, आणि एलएफपीच्या बाबतीत ५५ टक्क्यांवरचा फरक काहीही सांगत नाही.

कारण असं. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे निकेल असलेल्या एनएमसी बॅटरीत चार्ज कमी होत जातो तसा व्होल्टेजही उतरत जातो, त्यामुळे व्होल्टेज पाहून किती टक्के उरलेत याचा बऱ्यापैकी अंदाज करता येतो. एलएफपीचा सेल मात्र साधारण २० पासून ९० टक्क्यांपर्यंत ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो. अगदी वरच्या टोकाला तो झपकन ३.६ कडे चढतो आणि खालच्या टोकाला तसाच झपकन पडतो. मधल्या सपाट पट्ट्यात ४० टक्के आणि ६० टक्के यांतला फरक व्होल्टेजवरून ओळखणं अवघड. म्हणून बॅटरीचा मेंदू, म्हणजे बीएमएस, आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी करत राहतो. या हिशोबात रोज थोडी चूक होतेच. ती दुरुस्त होते टोकाला, जिथे व्होल्टेज खरं बोलतो. रोज ८० ला थांबायचं आणि ४५ ला परत लावायचं, म्हणजे दुकानदाराने रोज जमाखर्च लिहायचा पण गल्ला कधीच मोजायचा नाही.

भुसावळच्या फेऱ्यात हे लक्षात येत नाही हीच त्यातली मेख. ८० चे ५० होतात, ५० चे ८० होतात, सगळं जुळतं. प्रत्यक्षात ते ७० आणि ४० असले तरी तुम्हाला कळायचं कारण नाही. कळतं ते लांबच्या रस्त्यावर, तळाशी पोचल्यावर. पाळधीला सेल खालच्या टोकाला गेले, व्होल्टेज पडला, आणि बीएमएसने तिथल्या तिथे आकडा दुरुस्त केला.

सेंटरच्या सांगण्यावरून पावसाळाभर ८० चालू ठेवलं. दिवाळीच्या आधी मात्र एक संपूर्ण चार्ज मीटर लावून करून पाहिला. लावताना पडद्यावर ३१ टक्के. म्हणजे भरायचे ६९ टक्के, ४० युनिटच्या बॅटरीत २७.६ युनिट. चार्जिंगमध्ये साधारण १२ टक्के वाया जातं असं माझ्या वहीतून दिसत होतं, तेव्हा मीटरवर ३१.४ युनिट पडायला हवे होते. संध्याकाळी सातला लावलेली गाडी पहाटे भरली तेव्हा मीटरवर ३५ पडले होते. ३५ मधले सुमारे ३०.८ बॅटरीत गेले, म्हणजे ७७ टक्के. थोडक्यात, पडदा ३१ म्हणत होता तेव्हा खरा साठा २३ होता. आठ टक्के हवेत! माझ्या गाडीत ते पन्नास टक्क्यांच्या पट्ट्यात नव्हे, तर शेवटच्या वीस-बावीस किलोमीटरांत गायब होतात.

मीटर नसेल तर आणखी एक खूण आहे. त्या रात्री आकडा ९९ वर आला आणि तासाभराहून जास्त तिथेच अडून बसला, पण मीटर फिरतच होता. ९९ वर गाडी अशी रेंगाळली की समजायचं, आकडा आधीच पुढे पळाला होता.

मग गाडीच्या तपासणी-सॉकेटला ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर सेलचे व्होल्टेज पाहिले. मध्यावर फरक तोच ६ मिलिव्होल्ट, सेंटरच्या कागदासारखा. १०० टक्क्यांवर मात्र सगळ्यात वरचा सेल ३.६२ आणि सगळ्यात खालचा ३.३८. आकडा घाबरवणारा वाटतो, पण वरच्या टोकाला चढ इतका खडा असतो की एवढा फरक म्हणजे साठ्यात एक-दोन टक्केच. तरी त्याला अर्थ आहे: शंभरेक सेल ओळीने जोडलेले असतात आणि सगळ्यात आधी भरणारा सेल चार्जिंग थांबवतो, बाकीचे थोडे रिकामे राहतात. हे समतोल करायचं काम बीएमएस वरच्या टोकालाच करतो, भरलेल्या सेलमधला करंट छोट्या रेझिस्टरमधून जाळून. हा करंट अगदी किरकोळ असतो. तो १०० मिलिअँपियर धरला आणि सेल १२० अँपियर-तासांचा, तर एक टक्क्याचा फरक काढायला १२ तास लागतात. म्हणून १०० झाल्या झाल्या प्लग उपसू नये, दोन-चार तास राहू द्यावा. एका रात्रीत काम होत नाही. माझा फरक काही आठवड्यांच्या पूर्ण चार्जनंतर ५० मिलिव्होल्टच्या आत आला. फास्ट चार्जरवर हे होणार नाही. तिथे ८० नंतर वेग उतरतो, मागे रांग लागते, आणि माणूस निघतो.

आणि स्टिकर? गाडीच्या मॅन्युअलमध्ये उलटं छापलेलं निघालं: ठरावीक मुदतीत एकदा मंद चार्जरवर पूर्ण भरा. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा १०० सांगते, फोर्ड महिन्यातून एकदा. मग शोरूमने सरसकट ८० का चिकटवलं? कारण त्यांच्याकडे दोन्ही जातीच्या गाड्या होत्या आणि स्टिकर एकाच जातीचं छापलेलं.

इथपर्यंत आल्यावर मी रागाने रोज १०० करू लागलो. हिवाळाभर छान चाललं, टक्के आणि किलोमीटर जुळू लागले. मग मार्च आला आणि माझं मत अर्धं फिरलं. एलएफपीला वरचा व्होल्टेज एनएमसीइतका झोंबत नाही, पण भरलेली बॅटरी आणि उष्णता यांची जोडी कुठल्याही लिथियम सेलला म्हातारं करते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या नको त्या रासायनिक क्रिया साधारण दुपटीने वाढतात. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली १०० टक्क्यांवर दिवसभर उभी गाडी म्हणजे विनाकारण खर्च. मला विनाकारण खर्च आवडत नाही.

आता असं चालतं. रोज ७०-८० पर्यंत, कारण भुसावळला तेवढं पुष्कळ. शनिवारी रात्री १०० लावतो, रविवारी सकाळी थोडी जास्त वेळ प्लगवर राहू देतो, आणि नंतर घरच्यांना घेऊन कुठेतरी जाऊन येतो, म्हणजे भरलेली उभी राहत नाही. गावी गेलो आणि गाडी आठवडाभर हलणार नसेल तर पन्नासच्या आसपास सोडतो.

भुसावळच्या माझ्या साडूची गाडी एनएमसी. त्याने माझं ऐकून दर रविवारी १०० करायला घेतलं, तेव्हा त्याला थांबवावं लागलं. “तुमचं स्टिकर बरोबर आहे हो,” म्हटलं. त्याचा सेल भरला की ४.२ व्होल्टकडे जातो, आणि तिथे तासन् तास बसणं हेच त्याचं दुखणं. आकडा व्होल्टेजवरून कळत असल्याने दर आठवड्याच्या पूर्ण चार्जची त्याला गरजही नाही. पुण्याला जायचं असेल तेव्हा मात्र त्याने बिनधास्त १०० करावं, फक्त वेळ साधून. त्याची ५० युनिटची बॅटरी, ८० वरून १०० म्हणजे १० युनिट, घरच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर शेवटी वेग उतरतो हे धरून दोन तास. पहाटे पाचला निघायचं तर तीनला सुरू व्हावं. त्याच्या ॲपमध्ये वेळ लावता येते. माझ्या ॲपमध्ये नाही, मी गजर लावून उठतो, आणि एवढ्या किमतीच्या गाडीत हे एक बटण का नाही यावर मी आणखी एक पान लिहू शकतो.

तोरणमाळसारख्या ठिकाणी वर मुक्काम करून गाडी भरत असाल तर दोन्ही जातींत १०० करू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत घ्यायला जागा नसते, रीजन जवळजवळ बंद होतं, आणि घाटभर नुसत्या ब्रेकवर उतरावं लागतं.

दुसऱ्या सर्व्हिसला जाताना मुद्दाम १०० करून, प्लगवरून काढून थेट गेलो. सांगितलं, सेलमधला फरक आत्ता मोजा आणि जॉब कार्डवर लिहा. त्यांच्या फॉर्मवर फरकाचा रकाना होता, पण मोजताना टक्के किती होते याचा नव्हता. तो मी पेनाने आखून घेतला. तपासणीचे पैसे मागच्या वेळचे परत मागितले, ते अजून दिलेले नाहीत.