भट्टीचं इंधन बदलावं की क्लिंकर कमी करावा?

शहाबादी फरशीवर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो. तो दगडातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड. सिमेंटच्या भट्टीत हाच वायू सुमारे ९०० अंशांना सुटतो:

CaCO₃ → CaO + CO₂

१०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो वायू धुराड्यातून जातो. भट्टीतून भाजून निघणारे गोळे म्हणजे क्लिंकर; तेच दळून सिमेंट होतं. एक टन क्लिंकरमागे दगडातून सुमारे ५२० किलो वायू निघतो, कोळशातून साधारण ३०० किलो.

हा वायू कमी करायचा तर दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय इंधन बदलण्याचा. कोळशाऐवजी हायड्रोजन जाळला, ज्वलन अगदी परिपूर्ण झालं, तरी फक्त ते ३०० किलो वाचतात. दगडाला उष्णता कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरा पर्याय क्लिंकरच कमी घालण्याचा. पीपीसी या राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये वीजकेंद्राची राख ३५ टक्क्यांपर्यंत चालते. ३० टक्के राख, ५ टक्के जिप्सम धरलं तर टनाला ६५० किलो क्लिंकर लागतो. दगडाचा वायू ३४० किलोवर येतो, शिवाय कोळसाही त्याच प्रमाणात वाचतो. माझा कौल यालाच. मात्र या सिमेंटला ताकद सावकाश येते. सेंटरिंग लवकर काढलं किंवा पाणी मारायला कंटाळा केला, तर स्लॅब कच्चा राहतो.