एसीचा गॅस सारखा संपतोय? सर्व्हिस सेंटर की गावातला मेकॅनिक

तारकर्ली-देवबाग पट्ट्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एसी थंड करेनासा झाला, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावायचा की गावातल्या मेकॅनिकला? मी आधी वॉरंटी कार्ड बघते. पूर्ण वॉरंटी चालू असेल तर दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं म्हणून कंपनी हात वर करू शकते. ही मुदत बहुतेक वेळा वर्षभराचीच असते. त्यानंतर बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरची जबाबदारी घेतात, पण गॅस आणि कॉइलच्या गळतीचा खर्च आपल्यावर येतो. आणि समुद्राकाठी नेमकी कॉइलच जाते.

आमच्या पश्चिमेकडच्या खोलीच्या एसीचं तेच झालं. हवा कोमट यायची आणि बाहेरच्या युनिटच्या बारीक पाइपावर बर्फ जमायचा, म्हणजे गॅस कमी झालेला. कंपनीकडून आलेला मुलगा सभ्य होता, पावती चोख दिली. त्याने गेज लावला, गॅस भरला आणि पुढच्या कॉलला निघाला. पुढच्या हंगामाच्या तोंडावर पुन्हा तोच बर्फ. त्या मुलाला फार दोष देता येत नाही, एका दिवसात अर्धा तालुका फिरायचा असेल तर गळती शोधायला वेळ कुठून आणणार?

मग मालवणातल्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "वयनी, गॅस भरतंय, पण तो परत जातलो. आधी खयसून जाता तां बघूया." एसीचा गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळीतच फिरत असतो, तेव्हा कमी झाला म्हणजे कुठेतरी वाट आहेच. त्याने आधी जोडाच्या नटांवर साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही. मग आतला राहिलेला गॅस काढून नायट्रोजन दाबाने भरला, गेजवरच्या आकड्याचा फोटो काढला आणि चक्क घरी गेला. सकाळी काटा खाली आलेला होता. बाहेरच्या युनिटची जाळी काढल्यावर कॉइलच्या एका वळणावर हिरवट डाग आणि भोवती तेलाचा ओलसरपणा दिसला. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, त्यामुळे तेलकट डाग ही गळतीची हमखास खूण. तिथे फेस लावताच बुडबुडे आले.

आमच्या एसीत आर-३२ आहे. तो सौम्य का होईना पण पेट घेतो, म्हणून आत गॅस नाही याची खात्री केल्यावरच त्याने ज्योत पेटवली. नळीत हलका नायट्रोजन सोडत वळण जोडलं, कारण तसं न केल्यास आत काजळी धरते. पुन्हा दाब तपासला. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली, पंप बंद करून काटा जागचा हलत नाही हे बघितलं आणि शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून युनिटच्या पट्टीवर छापलंय तेवढाच गॅस सोडला. अंदाजाने नाही. दोन्ही माणसांतला फरक मला तरी इथेच दिसला. पैसे एका भेटीचे धरले तर याला जास्त पडले, पण त्यानंतर गॅस भरावा लागलेला नाही.

जाताना त्याने युनिट पूर्वेच्या भिंतीवर हलवायला सांगितलं आणि पाऊस नसेल त्या महिन्यांत वीज बंद करून कॉइलवरचं मीठ गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवायला सांगितलं. जोराच्या धारेने अॅल्युमिनियमच्या पात्या वाकतात.

त्याच्याही मर्यादा आहेत. इन्व्हर्टर एसीचा सर्किट बोर्ड गेला तर तो स्वतःच म्हणतो, "ह्यां माझा काम न्हय, कंपनीक फोन करा," आणि त्या फेरीचे पैसेही घेत नाही. तिथे सर्व्हिस सेंटरच बरं, अस्सल पार्ट आणि त्याची पावती तिथेच मिळते. शिवाय कॉम्प्रेसरवर वॉरंटी शिल्लक असेल, तर कॉइलला बाहेरच्या माणसाचा हात लागलेला चालेल का, हे कंपनीला आधी विचारून घ्या.

तुमच्या गावातला मेकॅनिक निवडताना फोनवरच विचारा: व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार का? "तेची गरज नाय" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. आमचा हा माणूस चतुर्थीत गणपती जाईपर्यंत फोन उचलत नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच तो हवा असतो. मधले आठवडे मोकळे असतात, तेव्हाच त्याला गाठायचं.